बंदीचे तीन महिने फेब्रुवारीतच भागवावे लागतात

प्रश्न: "बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणाच्या फुगवट्यावर वडिलांचा मासेमारीचा परवाना आहे. पुण्याची नोकरी सोडून मी आता त्यांच्याबरोबर जाळ्यावर जातोय. पावसाळ्यात मासेमारी बंद, आणि नेमका त्याच दिवसांत मासा हाताने धरण्याइतका मिळतो. बंदी पाळून घर चालतं का? की सगळे लपूनछपून धरतातच? सरकारी मदत किती आणि कधी मिळते?"

चालतं. पण जूनमध्ये विचार सुरू केला तर चालत नाही. मी भोयाच्या घरातला. पंधरा वर्षं ट्यूबवर बसून जाळी सोडली, आणि त्यानंतर वीसेक वर्षं मच्छीमार सोसायटीचं वजनकाट्याचं रजिस्टर लिहिलं. बंदी कोण पाळतं आणि कोण मोडतं, हे त्या रजिस्टरवरून मला आधीच कळायचं. कोणाचा स्वभाव कसा, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसायचा. कोणाच्या डोक्यावर व्यापाऱ्याची उचल आहे, एवढं बघितलं की अंदाज यायचा. म्हणून पैशाचंच जास्त सांगतो. पण आधी माशाचं थोडं, कारण "हाताने धरण्याइतका मिळतो" यातच बंदीचं कारण आहे.

आधी एक खुलासा. कारवारच्या समुद्रातली बंदी वेगळी. ती १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. यांत्रिक बोटी आणि १० अश्वशक्तीच्या वर इंजिन असलेल्या होड्या तेव्हा किनाऱ्यावर असतात. तिथे मालक, तांडेल, खलाशी अशी उतरंड असते, त्यामुळे हिशोबही निराळा. आपल्या गोड्या पाण्यात परवान्यावर किंवा सोसायटीच्या करारात जो काळ छापलेला असतो तोच धरायचा. आमच्या कागदात पावसाळ्याचे तीन महिने होते, म्हणून खालचा हिशोब तीन महिन्यांचा आहे. तुमचा कागद काढून तारखा बघा. शेजारच्या गावचे लोक सांगतात त्यावर जाऊ नका, तलावाचा ठेका आणि धरणाचा परवाना यांच्या अटी सारख्या नसतात.

आता चढणीचा मासा. चंदगड, आंबोलीकडे पाऊस लागला की घटप्रभेला तांबडं पाणी येतं आणि फुगवट्याच्या तोंडाशी, जिथे नदी धरणात उतरते तिथे, मासा उलटा चढायला लागतो. रोहू, कटला, मृगल हे साठलेल्या पाण्यात वाढतात, जाड होतात, पोटात अंडी धरतात, पण ती सोडत नाहीत. त्यांना वाहतं गढूळ पाणी आणि बुडालेल्या गवताचे उथळ काठ लागतात. ते मिळालं की मादी तिथे अंडी सोडते, नर बरोबर असतो, आणि पंधरा-वीस तासांत अंड्यातून जिरे, म्हणजे इवली पिल्लं, बाहेर पडतात. या दिवसांत मासा अंगाने जड असतो, उथळ पाण्यात असतो आणि त्याचं लक्ष पळण्यावर नसतं. म्हणून तो हाताने मिळतो. माशांची संख्या वाढलेली नसते, ते फक्त एका जागी गोळा झालेले असतात.

जूनमध्ये एखादी दोन किलोची रोहूची मादी हातात घेऊन बघा. पोट मऊ, फुगलेलं, खालचं भोक लालसर सुजल्यासारखं. नराच्या पोटावरून अंगठा फिरवला तर दुधासारखा पांढरा थेंब बाहेर येतो. बाजारात या मादीला जास्त भाव मिळतो, कारण गाभोळी खाणारे लोक मुद्दाम मागतात. समजा तुम्हाला तिचे तीनशे रुपये मिळाले. तिच्या पोटात किलोमागे ढोबळ मानाने दोन लाख, म्हणजे चार लाख अंडी असतात. त्यातली बहुतेक मरणारच, ती दुसऱ्या माशांच्या तोंडी जातात, पाणी उतरलं की काठावर सुकतात. दहा हजारांत एक जगेल असं धरलं तरी चाळीस मासे होतात. ते चाळीस दीड-दोन वर्षांनी तुमच्याच फुगवट्यात जाळ्याला लागणार असतात.

यावर जुने लोक एक वाद घालतात, आणि तो अगदीच खोटा नाही. ते म्हणतात, चिलापीला कसली बंदी? चिलापी खरंच बारा महिने विते, मादी अंडी तोंडात धरून फिरते, तिला पुराची गरज नाही. सायप्रिनस हा मासासुद्धा साठलेल्या पाण्यात गवताला अंडी चिकटवतो, तेही थंडीच्या शेवटी. या दोघांसाठी पावसाळी बंदी नसती तरी चाललं असतं. पण जाळ्याला मासा ओळखता येत नाही. चिलापीसाठी दोन बोटं आसाचं, म्हणजे दोन बोटं रुंद भोकांचं, तंगूस जाळं सोडलं की त्यात वर्षभराचा रोहूही अडकतो आणि पावसाळ्यात मरळही. मरळीचं तर वेगळंच. तिची पिल्लं केशरी-लाल रंगाची, मुठीएवढा गोळा करून पाण्याच्या वरच्या थराला फिरतात आणि आई-बाप खाली राखण करतात. पोरं तो लाल गोळा बघून खालच्या मोठ्या माशाला गळ लावतात. आई-बाप गेले की संध्याकाळपर्यंत तो गोळाही राहत नाही.

एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी. तुम्ही बंदी पाळली आणि वरच्या अंगाला नदीकाठच्या लोकांनी ओढ्याच्या तोंडाला आडवी जाळी बांधली, तर तुमच्या पाळण्याचा अर्धा उपयोग गेला. आपल्याकडे वरचा काठ दुसऱ्या राज्यात, महाराष्ट्रात, त्यामुळे तिथला परवाना वेगळा आणि अधिकारीही वेगळा. आमच्या सोसायटीने एवढंच केलं की फुगवट्याचं तोंड आणि आपल्या हद्दीतले तीन ओढे, इथे पहिल्या पुराचे आठ-दहा दिवस रात्रीचे दोघे बसवायचे, पाळीपाळीने. बाकी हद्दीबाहेरचं बोलून फक्त तोंड दुखतं, उपयोग होत नाही.

उपयोग झाला की नाही हे कसं ओळखायचं? ज्या जातीची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोसायटीने त्या वर्षी सोडलेली नाही, त्या जातीचे अर्धा-पाऊण किलोचे मासे पुढच्या उन्हाळ्यात जाळ्यात दिसले, तर ते धरणात आपोआप आले आहेत. रजिस्टरमध्ये जातवार वजन लिहीत असाल तरच हे दिसतं. नुसतं "मिक्स १४ किलो" लिहिलं तर काहीच कळत नाही, आणि बहुतेक सोसायट्यांत तेच लिहितात.

आता घरातलं. एका कुटुंबाचा हिशोब सांगतो. नाव सांगत नाही, गावही नाही. नवरा-बायको, दोन शाळेतली मुलं आणि म्हातारी आई. नवरा जाळ्यावर जातो, बायको संकेश्वरच्या बाजारात बसते. आकडे त्या वर्षीचे आहेत, तुमच्याकडे भाव वेगळे असतील.

बंदी सोडून नऊ महिन्यांत त्याचा मासा १,७९० किलो झाला. सप्टेंबर ते जानेवारी पाणी भरलेलं असतं, मासा पसरलेला असतो, तेव्हा महिन्याला दीडशे किलोच्या आसपास, एकूण ७५०. फेब्रुवारी ते मे पाणी उतरतं, मासा कमी जागेत येतो, तेव्हा महिन्याला २६० किलो, एकूण १,०४०. हा फरक नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

सुरुवातीची काही वर्षं हा माणूस दर जूनला व्यापाऱ्याकडून १५,००० रुपये उचल घ्यायचा. व्यापारी व्याज लावत नाही, म्हणून सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. अट एकच, मासा दुसऱ्याला घालायचा नाही, आणि भाव बाजारापेक्षा किलोला बारा रुपये कमी. एकदा पावसात कामधंदा नव्हता म्हणून मी आणि तो सोसायटीच्या ओट्यावर रजिस्टर घेऊन बसलो. १,७९० किलो गुणिले बारा. २१,४८० रुपये. पंधरा हजार परत करायचे ते वेगळेच. म्हणजे बिनव्याजी पंधरा हजार रुपयांचं भाडं साडेएकवीस हजार. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणून जूनला परत तिथंच जावं लागतंय होय."

बंदी मोडण्याचं मूळ इथेच असतं. ज्याच्यावर उचल आहे त्याला जुलैत व्यापाऱ्याचा निरोप येतो, दोन किलो गाभोळीचा मासा बघ, गिऱ्हाईक आहे. नाही म्हटलं तर पुढच्या वर्षीची उचल अडते. मी स्वतः रात्रीची जाळी पकडली आहेत. पकडलेल्यांत हौसेने आलेला एखादाच, बाकी सगळे या साखळीतले. व्यापारी राक्षस आहे असं मात्र मी म्हणणार नाही. बर्फ तो आणतो, क्रेट त्याचे, आणि गिऱ्हाईक नसलेल्या दिवशीही मासा घेतो. त्याच्याशी भांडण काढून काही मिळत नाही. फक्त त्याची उचल संपवायची, मग मासा त्यालाच घाला, पण भाव बोलून.

उचल संपवायला त्या कुटुंबाला पूर्ण एक वर्ष लागलं आणि ते वर्ष कठीण गेलं. सप्टेंबर ते जानेवारीत त्यांनी फेडायचा प्रयत्न केलाच नाही, कारण त्या दिवसांत घर जेमतेम चालतं. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत सगळं फेडलं, आणि दर वेळी व्यापाऱ्याच्या वहीवर आपल्यासमोर आकडा लिहून घेतला. हे करायला लाजू नका. आमच्या एका सभासदाने तोंडी फेड केली आणि मे अखेर अजून चार हजार बाकी निघाली. त्याच्याकडे काही कागद नव्हता, मी मध्ये पडूनही काही झालं नाही.

पुढच्या वर्षापासून सोसायटीच्या काट्यावरच कपात सुरू केली. सप्टेंबर ते जानेवारी किलोला पाच रुपये, फेब्रुवारी ते मे किलोला दहा. सपाट दर लावला तर पावसाळ्यानंतर लगेच माणूस वैतागतो आणि सोडून देतो. मासा जास्त असताना जास्त कापा, तेव्हा ते जाणवत नाही. त्या कुटुंबाचे ७५० किलोंचे ३,७५० आणि १,०४० किलोंचे १०,४००, मिळून १४,१५० रुपये जमले.

इथे माझी एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी सगळ्यांचे पैसे १ जूनला एकरकमी वाटले. लोक खूश, मीही खूश. पंधरा जुलैपर्यंत निम्म्यांकडे काहीच उरलं नव्हतं. एकाने मोबाईल घेतला, एकाने मेव्हण्याच्या लग्नात घातले, आणि तिघे पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात. दुसऱ्या वर्षीपासून बारा आठवड्यांत वाटप केलं, दर सोमवारी, कारण मंगळवारी आमच्याकडे बाजार. या कुटुंबाला आठवड्याला सुमारे ११८० रुपये मिळायचे. लोकांनी शिव्या घातल्या, पण जुलैच्या अखेरीस काट्यावर आठवणीने येत होते.

आता त्यांचा त्या पावसाळ्याचा खर्च. जूनला वह्या-पुस्तकं, दप्तर, गणवेश, त्यामुळे १३,०००. जुलै आणि ऑगस्ट प्रत्येकी साडेदहा हजार. एकूण ३४,०००. कपातीचे १४,१५० आले. बायकोची भांगलण, सोयाबीन आणि भुईमुगात, साधारण तीस दिवस मिळाली, दिवसाला तीनशे, म्हणजे ९,०००. सलग तीस दिवस मिळत नाहीत हे लक्षात घ्या. जूनची पेरणी झाल्यावर जुलैच्या मध्यापर्यंत काम असतं, मग झड लागली की शेतात पाय ठेवता येत नाही, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात पुन्हा थोडं. खरी भूक त्या मधल्या चार आठवड्यांची असते. वाटप करताना म्हणूनच जूनचे पैसे थोडे कमी करून ते या आठवड्यांत घालायला हवेत, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी सुचलं.

कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मीचे महिन्याला दोन हजार, तीन महिन्यांचे सहा. ही योजना २०२३ पासूनची आहे, पैसे घरच्या बाईच्या खात्यात येतात, म्हणून नवऱ्याने त्यावर हिशोब मांडण्याआधी तिला विचारलेलं बरं. आणि चार हजार सुक्या मासळीचे.

सुक्या मासळीवर थोडं थांबतो, कारण बाया यात पैसे कमावतातही आणि घालवतातही. माल मे महिन्यात, कोकणात पाऊस लागायच्या आत घ्यायचा. सुकट, बोंबील, थोडा खारा बांगडा. पावसात आपल्या भागात ताजा मासा नसतो, त्यामुळे विक्री आपोआप होते. नुकसान होतं ते साठवणीत. पोत्यात ठेवलेली सुकट पहिल्या झडीत ओल धरते, आठ दिवसांत पांढरी बुरशी येते आणि मग फुकट वाटावी लागते. घेताना मूठभर सुकट दाबून बघा. सुटी झाली तर कोरडी, गोळा राहिला तर ओली आणि वजनाला मीठ-पाणी घातलेली. घरी आणल्यावर एक पूर्ण दिवस कडक उन्हात, मग झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि दर बाजाराला एकच डबा उघडायचा. या बाईने सहा हजारांचा माल घेतला आणि जाऊन-येऊन चार हजार सुटले. पहिल्याच वर्षी सहा हजारांचा घेऊ नका, दोन हजारांपासून सुरू करा.

बेरीज केली तर ३३,१५०. साडेआठशे कमी पडले. ते किराणा दुकानात उधारीवर राहिले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात फिटले. एवढ्या उधारीने कोणी कोणाच्या बांधिलकीत जात नाही.

या बेरजेत मी सरकारी बंदी-मदत धरलेली नाही, आणि ते मुद्दाम. तुमचा प्रश्न तोच होता, म्हणून नीट सांगतो. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीच्या किंवा मंदीच्या काळासाठी उपजीविका सहाय्य आहे. सभासदाने स्वतःचे वर्षाला १,५०० भरायचे, सरकार ३,००० घालतं, केंद्र आणि राज्य निम्मं-निम्मं. एकूण ४,५००, म्हणजे तीन महिने दरमहा दीड हजार. पात्रतेला चालू सोसायटीचं सभासदत्व, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब, वय १८ ते ६०, आणि प्रत्यक्ष मासेमारी करणारा माणूस लागतो. तुमच्या वडिलांचं वय साठच्या पुढे गेलं असेल तर नाव तुमचं हवं, आणि त्यासाठी आधी तुम्हाला सोसायटीचं सभासद व्हावं लागेल. पुण्याहून आलात म्हणून रेशनकार्डावर अजून नाव आहे का तेही बघा, तिथेच बरेच अर्ज अडतात.

दीड हजारात महिन्याचं धान्यही पूर्ण येत नाही. वर ते बंदीतच हातात पडतात असं नाही. आमच्याकडे एका वर्षी ते दिवाळी होऊन गेल्यावर आले. आधार जोडलेलं खातं बंद पडलेलं असेल तर येतही नाहीत. म्हणून ते चुलीच्या हिशोबात धरायचे नाहीत. आमचे लोक ते जाळ्यासाठी ठेवतात. आपले १,५०० तेवढे वेळेवर भरा, कारण ते चुकले की वरचे तीन हजारही गेले.

जाळ्याचा विषय निघालाच आहे तर किसान क्रेडिट कार्ड. २०१८-१९ पासून ते मच्छीमारांनाही मिळतं. व्याज सात टक्के, वेळेवर फेडलं तर तीन टक्के सवलत, म्हणजे चार टक्के. तेच १५,००० नऊ महिने वापरले तर वेळेवर फेडणाऱ्याला साडेचारशे रुपये पडतात. वर उचलीचे साडेएकवीस हजार लिहिलेत, ते एकदा पुन्हा वाचा. पण ते खेळतं भांडवल आहे, किराण्यासाठी नाही. आपल्याला ते चालतं, कारण ऑगस्टमध्येच तंगूस, दोर, शिसं आणि ट्यूब घ्यावे लागतात आणि त्यासाठीच बरेच जण दुसरी उचल काढतात. बँक परवाना, सोसायटीचा दाखला आणि आधीचं कर्ज नसल्याचं पत्र मागते, दोन-तीन खेपा होतातच. जूनमध्ये बँकेत पीककर्जाची गर्दी असते, तेव्हा तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. अर्ज फेब्रुवारीत टाका.

आणि बंदीत घरात बसून जाळी विणा. वडिलांना पाग, म्हणजे फेकायचं जाळं, विणता येत असेल तर शिकून घ्या. हल्ली तयार जाळी स्वस्त मिळतात, पण हाताने विणलेल्या पागाला अजून गिऱ्हाईक आहे. एक पाग व्हायला मला तीन आठवडे लागायचे, वडिलांना दोन. विकला नाही तरी सप्टेंबरला तुमचाच खर्च वाचतो. फक्त आस चार बोटांच्या खाली घेऊ नका, नाहीतर पावसात वाचवलेलं पिल्लू तुम्हीच हिवाळ्यात काढाल.

तुम्ही कोणत्या महिन्यात जाळ्यावर यायला लागलात ते लिहिलेलं नाही. जूनच्या आसपास आला असाल तर यंदा कपातीला वेळ नाही. यंदा भांगलण, गृहलक्ष्मी, दोन हजारांची सुकट, आणि लागलीच तर सोसायटीकडून थोडी रक्कम घ्या, पण व्यापाऱ्याकडे जायच्या आधी वडिलांना विचारा की त्यांच्या नावावर तिथे आधीच किती आहेत. बहुतेक मुलांना हे माहीत नसतं. मलाही माझ्या वडिलांच्या वेळी नव्हतं, वहीत त्यांच्या नावापुढे सात हजार होते आणि तो आकडा मी त्यांच्या बाराव्यानंतर वाचला.